अंड्याच्या पांढऱ्या भागाचा फेस
अंड्यातील पिवळा बलक वेगळा काढून उरलेला पांढरा भाग हवा मिसळेपर्यंत फेटल्यास मिळणारा पांढराशुभ्र, स्थिर फेस. मेरिंग, सूफ्ले, स्पंज केक यांत तो वापरतात.

पांढऱ्या भागात सुमारे ९०% पाणी आणि १०% प्रथिने असतात. स्निग्धांश जवळजवळ नसतो. फेटताना प्रथिनांच्या घड्या उलगडतात. त्यांचे पाण्याला टाळणारे भाग बुडबुड्यातील हवेकडे वळतात, शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि बुडबुड्याभोवती जाळीदार पापुद्रा तयार होतो. फेस टिकतो तो या पापुद्र्यामुळे.

स्निग्धांशाने फेस का बिघडतो, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार मेदाचे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावरील जागा प्रथिनांआधी अडवतात. त्यांना आपसांत जाळी विणता येत नसल्याने पापुद्रा दुबळा राहतो. दुसऱ्यानुसार मेदाचा थेंब पातळ पापुद्र्यात शिरून पसरतो आणि त्याला फाडतो. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडत असाव्यात. मात्र बलकाच्या बाबतीत पहिले स्पष्टीकरण अधिक पटते. बलकाचा सुमारे एक तृतीयांश भाग स्निग्ध असला, तरी खरा उपद्रव लेसिथिन हा मेदासारखा पदार्थ व मेदाशी जोडलेली प्रथिने यांचा असतो, कारण हे घटक स्वतःच पृष्ठभागाकडे धाव घेतात. म्हणूनच बलकाचा एखादा थेंबही फेसाचे आकारमान निम्म्याहून खाली आणू शकतो. फेस पूर्ण उभा राहिल्यावर मात्र त्यात बलकाचे मिश्रण हलक्या हाताने मिसळता येते, कारण तोवर जाळी विणून झालेली असते.

थंड अंड्याचा बलक घट्ट असतो व त्याचे आवरण सहसा फुटत नाही. म्हणून अंडी थंड असतानाच फोडावीत आणि पांढरा भाग खोलीच्या तापमानाला आल्यावर फेटावा. प्रत्येक अंडे आधी लहान वाटीत फोडावे. चार अंड्यांपैकी चौथ्याचा बलक फुटला, तर ते एकच बाजूला काढावे लागते, आधीची तीन वाचतात. पडलेला ठिपका टरफलाच्या कडेने उचलता येतो, पण पिवळी रेघ पसरली असेल तर तो भाग फेटण्यासाठी घेऊ नये. प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलकटपणा चिकटून राहतो. काचेचे किंवा स्टीलचे भांडे व्हिनेगरने पुसून कोरडे करून घ्यावे.

फेटणी उचलल्यावर फेसाचे टोक वाकले तर फेस मऊ, ताठ उभे राहिले आणि पृष्ठभाग चकचकीत असला तर तयार. पुढे फेटत राहिल्यास प्रथिने अतिघट्ट जोडली जाऊन पाणी पिळून काढतात. फेस रवाळ दिसतो, तळाशी पाणी साचते. मेद शिरल्याची खूण वेगळी: कितीही फेटले तरी मोठे, सैल बुडबुडेच राहतात आणि टोक धरत नाही. असा फेस साखर किंवा आम्ल घालूनही सहसा सुधारत नाही.