वेगळं राहायला सगळं स्वतः जमावं लागतं?

“व्हीलचेअरवरच्या माणसाला सगळं स्वतःच्या हाताने जमलं, तरच त्याने वेगळं राहावं.”

ही काळजी मायेपोटीच येते. पण कोणती मदत, कधी, कुणाकडून घ्यायची हे स्वतः ठरवता आलं, तरी वेगळं राहता येतं. पलंगावरून खुर्चीत सरकता येत असेल, तर लादी पुसायला बाई लावावी, बरेच जण लावतात.

पडताळणी आईवडिलांच्या घरीच करा. आठवडाभर घरच्यांनी, धोका नसेल तर, आपणहून हात लावायचा नाही; कुठे अडतं ते लिहायचं. बरेचदा अडतं ते संडासाच्या दारात. खुर्ची साधारण ६५ सेंमी रुंद असते, म्हणून भाड्याचं घर बघताना दार उघडून मोकळी जागा टेपने मोजा. निदान ८० सेंमी हवी.

मदतनीस न आल्यास बोलवायला दुसरं माणूस ठरलेलं नसेल, तर सामान हलवू नका.