काखेतला निळा तुकडा

लातूर-नांदेडच्या कुठल्याही चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. एक हात कमरेवर ठेवलेले भाऊ, मागं भगवं आभाळ, वर शुभेच्छुकांची रांग. आणि कोपर व बरगड्यांच्या मधल्या त्रिकोणात स्टुडिओच्या पडद्याचा निळा तुकडा तसाच राहिलेला. डिझायनरनं कटिंग केलं, बाहेरचा पडदा गेला, आतला राहिला. हे नेहमी घाईमुळंच होतं असं नाही. ज्या टूलनं पडदा निवडला, त्याला तो त्रिकोण दिसतच नाही.

फोटोशॉपच्या Magic Wand ची निवड पाटाच्या पाण्यासारखी पसरते. क्लिक केलेल्या पिक्सेलपासून शेजारच्याकडं, तिथून पुढच्या शेजाऱ्याकडं. रंग जुळला तर पुढं, नाही जुळला तर तिथंच बांध. दंड, कमरेवरचा हात आणि शर्ट यांचा बांध सलग असेल, तर आतल्या वाफ्याला पाणी जायला दारच उरत नाही. गजांची पाठ असलेल्या खुर्चीत दोन गजांमधला प्रत्येक गाळा असाच वेगळा वाफा असतो.

यावर बरेचजण वरच्या पट्टीतल्या Contiguous ची टिक काढतात. मग शेजारीपणाची अट जाते आणि फोटोभर जिथं तो रंग आहे, ते सगळं निवडलं जातं. इथं खरी गंमत सुरू होते. आकडे घेऊनच बघू.

समजा, बाहेरच्या पडद्याचा रंग लाल 70, हिरवा 110, निळा 180 आहे. काखेतल्या पडद्यावर हाताची सावली पडते, म्हणून तिथं तोच पडदा 45, 72, 120 होतो. फरक 25, 38 आणि 60. Tolerance मुळात 32 वर असतं, म्हणजे क्लिक केलेल्या रंगापासून प्रत्येक आकडा साधारण 32 च्या आत हवा. त्यामुळं टिक काढूनही त्रिकोण सुटतोच. आता Tolerance 60 केलं, तर त्रिकोण येतो खरा, पण भाऊंची जीन्स 60, 80, 130 असेल तर तीही पडद्यासोबत निघून जाते! टूलला फक्त रंग कळतो. मागं काय, पुढं काय, हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून उलटं करायचं. टिक लावलेलीच ठेवायची, Tolerance 32 च ठेवायचं, आणि Shift दाबून थेट त्रिकोणात क्लिक करायचं. आता मोजणी सावलीतल्या रंगापासून होते. जीन्सचा रंग त्याच्या जवळचाच आहे, पण मधे पांढऱ्या शर्टाचा काठ आडवा आहे, त्यामुळं निवड तिथवर पोचत नाही. मघा जी अट आडवी आली, तीच आता जीन्स वाचवते. शर्ट खोचलेला असेल आणि त्रिकोण जीन्सला भिडत असेल, तर मात्र Tolerance उतरवून एकेक क्लिक करत जावं लागतं.

निवड झाली की Delete मारू नका. लेयर मास्कमध्ये तेवढा भाग काळा भरा, म्हणजे चुकून गेलेलं बोट परत आणता येतं. खाली भडक लाल रंगाचा लेयर टाका. पांढऱ्यावर न दिसणारे तुकडे त्यावर लगेच डोळ्यांत भरतात.

त्याच लाल रंगावर काठाची निळसर रेघही दिसेल. काठावरच्या पिक्सेलमध्ये शर्ट आणि पडदा मिसळलेले असतात. 235 चा पांढरा आणि वरचा सावलीतला निळा निम्मेनिम्मे धरले, तर 140, 153, 177 असा रंग येतो, आणि तो 32 च्या बाहेरच राहतो. Select, Modify, Expand मध्ये 1 पिक्सेल देऊन मास्कमध्ये पुन्हा काळा भरला की बाहीच्या काठावरची रेघ बहुतेक जाते.

खुर्चीच्या गजांना मात्र हा उपाय लावायचा नाही. गज 3 पिक्सेल जाडीचा असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक खाल्ल्यावर 1 च उरतो, आणि फ्लेक्सवर खुर्ची सुतळीची दिसते. त्यात फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. जेपीईजीमध्ये उजेड बारकाईनं साठवतात, पण रंग बहुधा दोन-दोन पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच ठेवतात, त्यामुळं पडद्याचा निळा गजाच्या अंगावरच चढतो. तो खोडून निघत नाही, कारण ते पिक्सेल गजाचेच आहेत. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला तर हा त्रास बराच कमी होतो. ते शक्य नसेल आणि गज स्टीलचा असेल, तर Sponge टूल Desaturate वर ठेवून त्यावरून फिरवा, करडा रंग उरतो. लाकडी खुर्चीवर हे चालत नाही, लाकूडही करडं पडतं. तिथं ब्रशचा Mode बदलून Color करा, Alt दाबून जवळच्या स्वच्छ लाकडाचा तपकिरी उचला आणि गजावरून हात फिरवा. उजेड-सावली तशीच राहते, रंग तेवढा बदलतो.