सोलर पॅनल घेण्याआधी: लेबल, सिरीयल नंबर आणि टेस्ट रिपोर्ट कसा तपासायचा

गेल्या वर्षी आमच्याकडे ३१ पॅनलचा एक लॉट आला. मागच्या बाजूला ५४० वॅटचं स्वच्छ लेबल, सोबत फ्लॅश टेस्ट रिपोर्ट आणि प्रमाणपत्राची प्रत. आम्ही तो परत पाठवला. का, ते सांगतो, कारण त्यात वापरलेल्या तपासण्या तुम्हीही माल उतरवताना करू शकता.

लेबलावर आधी एक गुणाकार करायचा असतो. व्हीएमपी (पॅनल कमाल शक्ती देत असतानाचा व्होल्टेज) गुणिले आयएमपी (तेव्हाचा करंट) म्हणजे वॅट. आमच्या लेबलावर ४१.६५ आणि १२.९७ होते. गुणाकार ५४०.२, म्हणजे बरोबर. हा हिशोब जुळला नाही तर लेबल बनावट असण्याची दाट शक्यता असते. पण जुळला म्हणून पॅनल खरं ठरत नाही, खऱ्या पॅनलचे आकडे कुणीही उतरवून घेऊ शकतो.

मग टेप लावली. लांबी २.००८ मीटर, रुंदी १.००२ मीटर, क्षेत्रफळ साधारण २.०१ चौरस मीटर. पॅनलचे वॅट मोजतात ते दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश धरून. म्हणजे या पॅनलवर पडणार २,०१० वॅट आणि त्यातले ५४० वॅट वीज म्हणून बाहेर येणार, जवळपास २७ टक्के. बाजारातली चांगली सिलिकॉन पॅनल २० ते २४ टक्क्यांच्या घरात असतात. एवढ्या आकारात ५४० वॅट बसतच नाहीत. आमच्या मते टेप हे या कामातलं सर्वांत भरवशाचं साधन आहे.

मल्टीमीटर मात्र इथे फसवतो. उघड्या टोकांना मिळणारा व्होल्टेज एका ओळीत किती सेल जोडलेत त्यावर ठरतो. जुन्या ४०० वॅटच्या आणि नव्या ५४० वॅटच्या अनेक पॅनलमध्ये ही संख्या सारखीच असते, म्हणून व्होल्टेजही जवळपास सारखाच दिसतो. फरक करंटमध्ये असतो. तो मोजायला योग्य डीसी मीटर आणि उन्हाची तीव्रता मोजणारं यंत्र लागतं, ते काम तंत्रज्ञालाच करू द्या.

आता फ्लॅश रिपोर्ट. कारखान्यात प्रत्येक पॅनलवर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकून शक्ती मोजतात आणि तो आकडा त्या पॅनलच्या सिरीयल नंबरासमोर नोंदवतात. दोन पॅनलचे आकडे दशांशापर्यंत क्वचितच जुळतात: एक ५४१.८७, दुसरं ५४३.१२. आम्हाला मिळालेल्या यादीत ३१ च्या ३१ ओळींत ५४०.०० होतं. असा रिपोर्ट कुणीतरी टाइप केलेला असतो, मोजलेला नसतो.

सिरीयल नंबर मागच्या लेबलावर असतो, बऱ्याचदा फ्रेमवरही, आणि बहुतेक पॅनलमध्ये काचेखालीही बारकोडसह बंद केलेला असतो. काचेखालचा बदलायला पॅनलच फोडावं लागतं, म्हणून खरा धरायचा तोच. कोपऱ्यातली काच पुसून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, वाचता येतो. आमच्या लॉटमध्ये लेबलावरचे नंबर रिपोर्टशी तंतोतंत जुळत होते, काचेखालचे एकही जुळले नाहीत. लेबलाच्या कडेला जुन्या गोंदाची रेघ होती, फ्रेमवर क्लॅम्पचे दाब उठले होते आणि कनेक्टरच्या पिनेवर ओरखडे होते. माल आधी कुठेतरी बसवून काढलेला होता. आतला नंबर निर्मात्याला कळवला, तेव्हा ते ४०५ वॅटचं मॉडेल असल्याचं उत्तर आलं.

प्रमाणपत्रात बघायचं ते आयईसी ६१२१५ (टिकाऊपणा) आणि आयईसी ६१७३० (सुरक्षितता) या मानकांचा उल्लेख. आयईसी स्वतः प्रमाणपत्र देत नाही, ते चाचणी करणारी संस्था देते. तिच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा आणि जोडलेल्या यादीत तुमचं मॉडेल वॅटसकट आहे का ते पाहा. आम्हाला मिळालेली प्रत खरी होती, फक्त दुसऱ्या मॉडेलची. सीई खूण बघून मात्र समाधान मानू नका, सोलर पॅनलवर ती निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो.

बी ग्रेडचं प्रकरण वेगळं आहे. ए आणि बी ग्रेडची सर्वमान्य आंतरराष्ट्रीय व्याख्याच नाही. सेलच्या रंगातला फरक किंवा फ्रेमवरचा ओरखडा एवढ्यावरही पॅनल बी ठरतं, आणि ते बी म्हणूनच विकलं तर त्यात गैर काही नाही. मात्र त्याची वॉरंटी बऱ्याचदा कमी असते किंवा नसतेच. म्हणून बिलावर ग्रेड, वॉरंटी आणि सिरीयल नंबरांची यादी लिहून घ्या. फ्लॅश रिपोर्टमध्ये सूक्ष्म तडे दिसत नाहीत. त्यासाठी ईएल फोटो लागतो, म्हणजे पॅनलमध्ये करंट सोडून अंधारात काढलेलं छायाचित्र. मोठी खरेदी असेल तर तोही मागा.

आमच्याकडून माल घेताना काचेखालचा नंबर तुमच्यासमोर वाचून रिपोर्टशी ताडून देऊ. न जुळलेलं पॅनल गाडीतून उतरवू नका.