वाईट बातमी आली की पहिला फोन कोणाला?

ब्रेकअप होऊन बरेच दिवस झाले की माणूस स्वतःलाच विचारतो, "अजून प्रेम आहे का?" उत्तर "नाही" आलं की विषय संपला असं वाटतं. पण प्रेम आणि भावबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेळी संपत नाहीत. विभक्त झालेल्या जोडप्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1975 मध्येच हे नोंदवलं होतं. जोडीदाराबद्दल प्रेम, आदर, विश्वास काहीच उरलेलं नसतानाही त्याच्यावाचून जीव कासावीस होतो, असं त्यांना दिसलं.

याची मुळं बालपणात आहेत. लहान मूल घाबरलं की ठरावीक व्यक्तीकडे धावतं आणि तिच्या कुशीत शांत होतं. ती जवळ असली की बिनधास्त खेळतं, दूर गेली की रडतं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या भावबंधाचा सिद्धांत मांडला आणि 1987 मध्ये सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी तोच धागा प्रौढांच्या प्रेमसंबंधांत दाखवला. म्हणून भावबंध मोजायचा असेल तर संशोधक "तुला तो आवडतो का?" असं विचारत नाहीत. मन खचलं की कोणाकडे जावंसं वाटतं, आनंदाची बातमी आधी कोणाला सांगावीशी वाटते, काहीही झालं तरी कोण पाठीशी उभं राहील असं वाटतं, असे प्रश्न ते विचारतात.

याच दृष्टीने जिया चोंग आणि ख्रिस फ्रेली यांनी 300 हून अधिक लोकांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध केला. या सगळ्यांचं किमान दोन वर्षांचं नातं तुटलेलं होतं. जुन्या जोडीदाराशी असलेला भावबंध निम्म्यावर यायला सरासरी चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो, असं त्यात आढळलं. ही सरासरी आहे, माणसागणिक फरक मोठा असतो. पण वर्षभरानंतरही कोणात थोडा बंध उरला असेल, तर त्यात विचित्र काही नाही. संपर्क चालू राहिला तर तो आणखी हळू विरतो. दुरून डोकावण्याचंही तसंच. टारा मार्शल यांच्या 2012 च्या अभ्यासात जे लोक फेसबुकवर जुन्या जोडीदाराचं प्रोफाइल वारंवार बघत होते, त्यांच्यात दुःख आणि ओढ दोन्ही जास्त होती. अर्थात बघितल्यामुळे ओढ वाढते की ओढ असल्यामुळे बघितलं जातं, हे अशा अभ्यासातून ठरवता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका तरुणीची चार महिन्यांपूर्वी एका तरुणाशी ओळख झाली. त्याचं आधीचं नातं पाच वर्षं टिकलं आणि दीड वर्षापूर्वी संपलं. तो त्या जुन्या मैत्रिणीबद्दल अधूनमधून बोलतो. एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण पाच वर्षांच्या आठवणींत ती असणारच. बोलताना काय होतं, ते बघायला हवं. "आमचं पटलं नाही, मी चिडका होतो, तिला वेगळं काही हवं होतं," असं तो सरळ सांगून पुढच्या विषयाकडे वळला, तर ती गोष्ट त्याच्या मनात मार्गी लागलेली आहे. पण तोच प्रसंग दर वेळी तितक्याच संतापाने निघत असेल आणि तिने काय म्हणायला हवं होतं यावर अर्धा तास जात असेल, तर तो मनाने अजून तिच्याशी भांडतोय. भांडण चालू आहे म्हणजे नातंही अजून कुठेतरी चालूच आहे. माझ्या मते, लोक या रागाला "आता सुटला" असं समजतात, तिथेच सर्वाधिक फसतात.

मग एके दिवशी त्याच्या वडिलांना दवाखान्यात न्यावं लागतं आणि दोन दिवसांनी सहज बोलताना कळतं, की त्याने त्या रात्री जुन्या मैत्रिणीला फोन केला होता. हा खरा पुरावा. त्यात फसवणूक असेलच असं नाही. धीर मिळवण्याची जागा अजून तीच आहे, इतकंच त्यातून कळतं. असं एकदा घडणं आणि दर संकटात घडणं यांत मात्र फरक आहे. दोघांचं मूल असेल आणि बोलणं त्याच्या शाळेपुरतं असेल, तर त्या फोनांचा इथे संबंध नाही.

आणि त्याने तरुणीला आधी का सांगितलं नाही, यावरून तिने घाईने निष्कर्ष काढू नये. हॅझन आणि डेबरा झाइफमन यांच्या 1994 च्या संशोधनानुसार नव्या जोडीदाराच्या सहवासाची ओढ आधी लागते, आधारासाठी त्याच्याकडे वळणं नंतर येतं आणि पूर्ण भावबंध जुळायला साधारण दोन वर्षं लागतात. चार महिन्यांत तो आधी आईला किंवा जिवलग मित्राला फोन करत असेल, तर ते स्वाभाविक आहे. वाईट बातमी आली की पहिला फोन कोणाला, हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारावा आणि पुढच्या काही महिन्यांत अशा प्रसंगी दोघांच्या मनात पहिलं नाव कोणाचं येतं, ते बघावं.