शिकवशील का? (क्रशला भेटायचा बहाणा)

जी व्यक्ती आवडते तिला सरळ 'भेटायचं का' विचारायची हिंमत होत नाही, म्हणून तिला येणारी एखादी गोष्ट, म्हणजे गिटार, सायकल, बुद्धिबळ वगैरे, 'मला शिकवशील का' असं विचारून भेटी जमवायच्या, ही कॉलेजच्या वयातली जुनी आणि बऱ्यापैकी सेफ पद्धत आहे. सेफ यासाठी की समोरचा नाही म्हणाला तरी तो गिटारला नाही म्हणालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तोंड लपवत फिरावं लागत नाही. शिवाय कॉफी प्यायला भेटलं की कॉफीबरोबर विषय संपतो, शिकायला भेटलं तर पुढचा शनिवार आपोआप ठरतो.

यामागे एक मानसशास्त्रीय गंमत पण आहे. आपल्याला वाटतं की आपण कुणाला मदत केली की त्याला आपण आवडू, पण बऱ्याचदा होतं उलटं, म्हणजे ज्याने मदत केली त्यालाच मदत घेणारा आवडायला लागतो. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहिलंय की विधानसभेतल्या आपल्या विरोधात असलेल्या एका सदस्याकडून त्याने एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागून घेतलं, आठवड्याभरात आभाराची चिठ्ठी लावून परत केलं, आणि तिथून त्यांची दोस्ती झाली. 1969 मध्ये जेकर आणि लँडी या दोघांनी यावर प्रयोगही केला. प्रयोगात जिंकलेले पैसे काही जणांकडून संशोधकाने 'माझ्यासाठी एवढं करा' म्हणून परत मागितले, आणि त्या लोकांना तो संशोधक इतरांपेक्षा जास्त आवडला. पण याचा अर्थ कुणाच्याही डोक्यावर सहा महिन्यांचा फुकट क्लास टाकायचा असा नाही. मागणी छोटी पाहिजे.

या कामाला गिटार सगळ्यात सोयीची पडते. सायकलचा प्रॉब्लेम असा की मोठ्या माणसाला बॅलन्स एकदोन संध्याकाळीतच जमून जातो (सीट खाली घ्यायची, पेडल न मारता पायाने ढकलत हलक्या उतारावर सोडायची) आणि बहाणा तिथेच संपतो. बुद्धिबळात समोरासमोर बसायला मिळतं पण बोलायला मिळत नाही, त्यात आपल्याला येतं पण येत नाही असं दाखवायचं ठरवलं तर ऑनलाइन प्रोफाइलवरचं रेटिंग घात करतं. गिटारमध्येही हे सोंग चालत नाही हां, स्टीलच्या तारांवर रोज वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले असतात आणि वाजवणाऱ्या माणसाची नजर पहिली तिथेच जाते.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघू. समजा पुण्यातल्या एका कॉलेजात टीवायची मुलगी आहे, तिला गॅदरिंगमध्ये गिटार वाजवणारा वर्गातलाच एक मुलगा आवडतो. 'मला गिटार शिकव ना' असा मेसेज टाकला तर उत्तर येतं 'हो नक्की, कधीतरी', आणि तो कधीतरी कधीच येत नाही. त्याऐवजी 'ए, मला सुरुवातीचे दोन कॉर्ड दाखवशील का, शनिवारी पाचला कट्ट्यावर, तासभरच' असं विचारलं तर त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. तो 'अगं यूट्यूबवर भारी व्हिडिओ आहेत, लिंक पाठवतो' म्हणाला तर बहुतेक वेळा तो प्रेमळ नकार असतो. दोनदा पुढे ढकललं की तिसऱ्यांदा विचारू नये.

पहिल्या भेटीत समोरासमोर बसायचा मोह होतो, पण तसं बसलं की सगळं आरशासारखं उलटं दिसतं आणि कुठली तार कुठली हेच कळत नाही. शिकणारीने त्याच्या डाव्या बाजूला बसावं, गिटारची मान तिकडेच येते त्यामुळे बोटं नीट दिसतात, फक्त ती मान कपाळावर आपटणार नाही एवढं अंतर ठेवावं. आधी ट्यूनर अ‍ॅपवर सहाही तारा लावायच्या, मग ई मायनर कॉर्ड, कारण त्याला दोनच बोटं लागतात: सगळ्यात बारीक तारेपासून मोजलं तर पाचवी आणि चौथी तार, दोन्हीचा दुसरा फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं दुसरं घर. त्यानंतर सी, आणि मग एका मिनिटात ई मायनरवरून सी वर किती वेळा नीट जाता येतं ते मोजायचं. या मोजण्यात हसणं भरपूर होतं. शिकवणाऱ्याने मात्र समोरचीची बोटं पकडून तारांवर ठेवू नयेत, आधी स्वतःच्या हातावर दाखवावं, आणि गरजच पडली तर 'बोट हलवू का' विचारावं. शिकवायचं निमित्त म्हणजे हात लावायची परवानगी नव्हे.

पुढच्या दोनतीन आठवड्यांत जी आणि डी येतात, साधं स्ट्रमिंग येतं आणि बोटं जाम दुखतात. इथे बहाण्याचा कस लागतो, कारण घरी रोज दहापंधरा मिनिटं वाजवलं नाही तर पुढच्या शनिवारी ते लगेच ऐकू येतं, तार दबत नाही, फट फट आवाज येतो. शिकवणाऱ्याला कळतं की हिला गिटारशी काही घेणंदेणं नाही. मग तो एकतर गालात हसतो किंवा वैतागतो, आणि वैतागला तर ते रास्तच आहे कारण त्याचाही वेळ जातोय. म्हणून स्वतःची गिटार नसेल तर कुणाची तरी आठवड्यासाठी मागून घ्यावी. त्याचीच मिळाली तर परत द्यायला अजून एक भेट, हा हिशोब शिकणाऱ्यांना कुणी सांगावा लागत नाही.

मग येतो एफ. पहिलं बोट आडवं करून पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबायच्या, नवशिक्याला कित्येक आठवडे जमत नाही आणि निम्मी जनता गिटार इथेच भिंतीला टेकवते. मनातलं बोलायचं असेल तर ते एफच्या आधी बोललेलं बरं. अंदाज घ्यायला एक गोष्ट बघायची: तास संपून गिटार कव्हरमध्ये गेल्यावर तो काय करतो. चहा मागवून अर्धा तास बसत असेल तर विचारायला हरकत नाही, दर वेळी मित्राला सोबत आणत असेल किंवा घड्याळ बघून निघत असेल तर समजून घ्यावं. अर्थात चहा पिणारा प्रत्येक जण प्रेमात असतो असं नाही, विचारल्याशिवाय पक्कं कळत नाहीच.

या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका नकार नसून गुरू-शिष्याचं नातं चिकटणं हा आहे. महाभारतात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी उत्तरेला वर्षभर नाच-गाणं शिकवतो, नंतर विराट तिचं लग्न त्याच्याशी लावायला निघतो तेव्हा अर्जुन म्हणतो की ती मला आचार्य मानते, मला ती मुलीसारखी, आणि तिला अभिमन्यूसाठी सून म्हणून मागतो. कट्ट्यावर याचंच छोटं रूप म्हणजे तिसऱ्या शनिवारी 'दादा, हे बरोबर आहे का?' असं तोंडातून निघणं. त्यावर एक उपाय चालतो तो अदलाबदलीचा, त्याने गिटार शिकवावी, तिने त्याला पोहायला किंवा अकाउंट्सचा पेपर शिकवावा, म्हणजे कायम एकच जण वर राहत नाही.

व्हिडिओ कॉलवर हा प्रकार फारसा रंगत नाही, आवाज थोडा उशिरा पोचतो त्यामुळे दोघांना एकत्र ताल धरून वाजवता येत नाही, एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं एवढंच उरतं. लांब राहणाऱ्यांसाठी बुद्धिबळ त्यातल्या त्यात बरं, दिवसाला एक चाल असा डाव लावला की तो आठवडेच्या आठवडे चालतो आणि चालीसोबत दोन ओळी लिहायलाही मिळतात.