बोअरचा साइज सरकतोय हे कंट्रोल चार्टवरून ओळखणं

मशीनवर बोअर मारताना साइज हळूहळू एका बाजूला सरकत जातो, आणि एकही पीस रिजेक्ट व्हायच्या आधी ते पकडायचं म्हणून सरासरी-रेंज चार्ट लावतात. कंट्रोल चार्ट पहिल्यांदा वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत मांडला, आज वाळूज-चिकलठाण्याच्या शॉपमध्येही मशीनशेजारी लटकलेला दिसतो (भरतात किती मनापासून तो भाग वेगळा).

समजा स्टीलच्या पीसमध्ये २५ एच७ बोअर आहे, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे २५.००० ते २५.०२१ मिमी. दर तासाला लागोपाठचे पाच पीस मोजायचे, त्यांची सरासरी एका चार्टवर आणि मोठ्यातून छोटा वजा करून आलेली रेंज दुसऱ्यावर टाकायची. मशीन नीट चालू असताना २५ च्या वर सरासरी १० मायक्रॉन आणि सरासरी रेंज ५ आली, तर पाच पीसच्या गटासाठी ती रेंज ०.५७७ ने गुणायची, २.९ येतं, म्हणून सरासरीची लिमिट ७.१ ते १२.९. ही लिमिट मशीनच्या स्वतःच्या चालीवरून निघते, ड्रॉइंगच्या टॉलरन्सचा तिच्याशी संबंध नाही, आणि तरी बरेच जण चार्टवर टॉलरन्सच्याच रेषा मारून मोकळे होतात.

आता तासातासाला सरासरी आली ११.४, १०.९, १०.१, ९.४, ८.८, ८.१. एकही पॉइंट लिमिटबाहेर नाही, गो-नो गो गेजला सगळे पीस पास, पण सलग सहा पॉइंट उतरत गेलेत आणि रेंज मात्र ५ च्या आसपासच आहे. म्हणजे पीस-पीसमधला फरक वाढला नाही, सेंटरच खाली आलंय. बोअरिंगच्या इन्सर्टचं टोक झिजलं की बोअर लहान होत जातो, त्यामुळे पहिला संशय तिथंच. पण ऑफसेटला हात लावायच्या आधी बोअर गेज रिंग मास्टरवर लावून बघायचा, कारण गेजच सरकला असेल तर चांगलं मशीन बिघडवून ठेवाल. गेज बरोबर निघाला तर इन्सर्ट बघायचा, कड तुटली नसेल तर व्यासात २ मायक्रॉन वाढवायचे आणि पुढचे पाच पीस १० च्या जवळ येतात का ते पाहायचं.

प्रत्येक पॉइंटला ऑफसेट हलवणारा सेटर मात्र साइज जास्तच नाचवतो, कारण सेंटर जागेवर असतानाही सरासरी थोडी वरखाली होतच असते आणि तो तिच्याच मागं पळतो.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अजून एक घोळ असतो. पीस मास्टरपेक्षा १० अंश गरम असेल तर २५ चा स्टील बोअर जवळजवळ ३ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि दुपारी हीच चूक इन्सर्टची झीज झाकून टाकते, चार्ट सरळ चाललाय असं वाटतं. म्हणून पीस मशीनमधून काढल्या काढल्या मोजायचा नाही, मास्टरजवळ ठेवून दोघांचं तापमान सारखं होऊ द्यायचं.