भरदुपारच्या एका फोटोतून रेशमी पाणी आणि वाहते ढग: काम देण्याआधी हे वाचा

समुद्राचा किंवा तलावाचा फोटो घेऊन आमच्याकडे येणारे बरेच जण एकच मागणी करतात. पाणी दुधासारखे मऊ दिसायला हवे आणि ढग ओढल्यासारखे दिसायला हवेत. फोटो मात्र दुपारच्या उन्हात, हातात कॅमेरा धरून काढलेला असतो. काम होण्यासारखे आहे. पण ते कसे होते, कुठे फसते आणि कोणत्या फोटोला आम्ही नाही म्हणतो, हे आधी ठाऊक असले की तुमचाही वेळ वाचतो आणि आमचाही.

आधी वेळ ठरवायची

उन्हात f/11 आणि ISO 100 ठेवले तर शटर साधारण 1/250 सेकंदाचे येते. एवढ्या वेळात लाट जागच्या जागी थिजते. खरा लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून फोटो, काढणारा माणूस लेन्ससमोर उजेड अडवणारी काळी एनडी काच लावतो. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो आणि शटरचा वेळ दुप्पट. दहा स्टॉपची काच लावली की तेच शटर सुमारे 4 सेकंदांचे होते आणि चौदा स्टॉप अडवले तर एक मिनिटाच्या जरा वर जाते. 4 सेकंदांत पाणी मऊ होते, पण ढग जवळजवळ जागेवरच राहतात. ढग ओढलेले दिसायला बहुतेक वेळा अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात लाटेचा मागमूस उरत नाही, नुसते धुके उरते.

म्हणून संगणकावर बसल्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, या फोटोचे खोटे शटर किती सेकंदांचे धरायचे? एकदा एक मिनिट धरले की फोटोत हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेच घड्याळ लागू होते. ढग लांब ओढलेले आणि खाली लाटेचा तुरा मात्र थेंबाथेंबासह स्पष्ट, असा फोटो पाहणाऱ्याला पटत नाही. काय चुकले हे त्याला सांगता येत नाही, तरी नजर अडखळते. आमच्याकडूनही एकदा असे झाले आहे. आकाश छान ओढले, पाणी गुळगुळीत केले, मोठा प्रिंट काढला, आणि ग्राहकाने घरी नेल्यावर त्याच्या लहान मुलीने विचारले, "हा पक्षी का नाही पुसला गेला?" ढगांमध्ये एक पक्षी पंख पसरून अगदी ठळक उभा होता. आम्ही दुसरा प्रिंट काढून दिला. तेव्हापासून पक्षी, उडालेले तुषार, डुलणाऱ्या फांद्या आणि नांगरलेल्या होड्या यांची यादी आम्ही सुरुवातीलाच करतो.

खडकाचा रंग पाण्यात का उतरतो

या कामातली सगळ्यात मोठी चूक कडांवर होते. नवखा माणूस पाण्याची निवड करतो आणि त्यावर सरळ ब्लर लावतो. पण ब्लर म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी. पाण्याच्या शेजारी काळा खडक असला तर काळा रंगही त्या सरासरीत शिरतो. खडकाभोवती मळकट सावलीची झालर उमटते. दीपगृहासारखी पांढरी इमारत असेल तर उलट होते, आकाशात तिच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा दिसतो. नंतर मास्क, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, कितीही नीट कापला तरी ही झालर जात नाही, कारण ती मास्कमध्ये नसते, खुद्द ब्लर झालेल्या लेयरमध्येच असते.

उपाय असा की ब्लर लावण्याआधी त्या लेयरवरून खडक काढूनच टाकायचा. फोटोच्या दोन प्रती करायच्या, एक पाण्यासाठी आणि एक आकाशासाठी. पाण्याच्या प्रतीत खडक निवडून, निवड दहा-पंधरा पिक्सेलनी फुगवून, ती जागा आजूबाजूच्या पाण्याने भरायची. फोटोशॉपमध्ये त्यासाठी `Edit > Content-Aware Fill` आहे. साधा क्लोन स्टँपही चालतो. भरलेला भाग ओबडधोबड दिसला तरी बिघडत नाही, कारण त्यावर ब्लर येणारच आहे. आकाशाच्या प्रतीतून इमारत, झाडे आणि पक्षी तसेच काढायचे आणि क्षितिजाजवळचे आकाश खाली ओढून समुद्राची जागाही भरून टाकायची. मूळ फोटो या दोन्ही प्रतींच्या वर ठेवून त्याला मास्क लावला की खडक आणि इमारत आपापल्या जागी परत येतात, आणि झालर येत नाही.

एक फोटो, पहिल्यापासून

समजा 6000 × 4000 पिक्सेलचा फोटो आहे. क्षितिज वरून 1700 पिक्सेलवर, पुढे तीन काळे खडक, उजवीकडे टेकाडावर दीपगृह, वर कापसासारखे सुटे ढग. खोटे शटर एक मिनिटाचे धरले.

आकाश आधी घेतो, कारण ते सोपे आहे. रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत अंगावर येणारे ढग समांतर रेषांत धावत नाहीत, क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारखे फाकतात. साधा आडवा `Motion Blur` लावला तर आकाशावर नुसता कुंचला फिरवल्यासारखे दिसते. त्याऐवजी `Filter > Blur > Radial Blur` उघडून त्यात `Zoom` आणि `Best` निवडतो आणि छोट्या चौकटीतला मध्यबिंदू ओढून क्षितिजावर, ढग जिथून येताहेत असे वाटते तिथे नेतो. या पद्धतीत मध्यबिंदूजवळ ओढ कमी आणि दूर जास्त होते. खऱ्या आकाशातही क्षितिजाजवळचे ढग सावकाश आणि डोक्यावरचे झपाट्याने सरकताना दिसतात, त्यामुळे हिशोब आपोआप जुळतो. `Amount` 30 च्या आसपास ठेवून सुरुवात करतो, मग हलकासा दुसरा हात, 10 वर. एकाच हातात 70 लावले की ढगांऐवजी बोगद्यातून धावणारी गाडी दिसते. ढग कॅमेऱ्यासमोरून एका बाजूकडून दुसरीकडे जात असतील, तर मात्र आडवा ब्लरच बरोबर. वारा कुठला होता हे तुम्हाला आठवत असेल तर फोटोसोबत जरूर सांगा.

आता पाणी. इथे जवळचे आणि दूरचे पाणी वेगळे वागते. पायाशी असलेली लाट फोटोत शेकडो पिक्सेल व्यापते, क्षितिजाजवळची दहा-बाराच. म्हणून पाण्याच्या प्रतीचे दोन लेयर करतो. जवळच्या पाण्याला `Motion Blur`, कोन 0, अंतर 300 पिक्सेल. दूरच्याला 60. दोघांमध्ये ग्रेडियंट मास्क. एवढ्यावर थांबले तर पाण्यात आडव्या रेघा राहतात, कारण लाटा फोटोत मुळातच आडव्या पट्ट्यांसारख्या असतात आणि आडव्या ब्लरने त्या पुसल्या जात नाहीत, उलट ठळक होतात. खऱ्या एका मिनिटात लाट वर-खालीही होते आणि किनाऱ्याकडेही येते. त्यासाठी जवळच्या पाण्यावर वरून `Gaussian Blur` 30 पिक्सेलचा देतो, दूरच्यावर 5 चा. रेघा विरतात आणि धुके येते.

यानंतर मास्क, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. खडकाची वरची कड, जिच्यामागे दूरचे पाणी आहे, ती धारदारच हवी. तिला एक-दोन पिक्सेलपेक्षा जास्त मऊपणा नको. पण खडक पाण्यात शिरतो ती खालची रेषा धारदार ठेवली तर खडक कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. खऱ्या लाँग एक्स्पोजरमध्ये पाणी त्या रेषेवर मिनिटभर चढत-उतरत असते, त्यामुळे खडकाचा पाय धुक्यात बुडालेला असतो. म्हणून खालच्या कडेवर मऊ ब्रशने 40 ते 60 पिक्सेलची विरती कड काढतो, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. लाट जिथे आदळते तिथे जास्त, आडोशाला कमी. फेस जिथे होता तिथे पांढरा रंग 5 ते 8 टक्के अपारदर्शकतेने दोन-तीनदा फिरवतो. ब्लरने फेस करडा पडतो, तो असा परत उजळतो.

या फोटोत एका खडकावर लाट फुटून तुषार उंच उडाले होते. ते पाण्याच्या प्रतीतून खडकासोबतच गेले, पण मूळ फोटोत खडकाच्या माथ्यावर राहिले. तिथे कोरड्या खडकाचा तुकडा शेजारून आणून ते झाकावे लागले.

शेवटी दाणा. ब्लर झालेले पाणी आणि आकाश प्लॅस्टिकसारखे गुळगुळीत होते, तर खडकावर कॅमेऱ्याचा मूळ दाणा असतो. `Filter > Noise > Add Noise` मध्ये 1 ते 2 टक्के, `Gaussian` आणि `Monochromatic`, फक्त ब्लर झालेल्या भागावर. याचा दुसराही उपयोग आहे. गुळगुळीत आकाशात प्रिंटवर पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात, ते या दाण्याने मोडतात. त्याच कारणासाठी संपूर्ण काम 16 बिटमध्ये करतो.

तपासायची एक साधी रीत आमच्याकडे आहे, घरी प्रिंट पाहताना तुम्हीही करून बघा. फोटो उलटा धरायचा. ओळखीचे दृश्य उलटे झाले की नजर आधी कडांकडे जाते, आणि राहून गेलेली झालर किंवा दोनदा दिसणारा ढगाचा तुकडा लगेच सापडतो.

कोणता फोटो पाठवू नये

ढगच नसलेले निळे आकाश किंवा एकसारखे राखाडी आभाळ ओढले तरी काही दिसत नाही. त्यात फक्त पाण्याचे काम होईल. फुटलेली लाट फोटोचा तिसरा हिस्सा झाकत असेल तर तिच्यामागे काय होते हे कुणालाच माहीत नसते, आणि तिथे आम्ही जे भरू ते मनाचे असेल. गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसे हीसुद्धा अडचण आहे, मिनिटभर कुणी इतके स्तब्ध उभे राहत नाही. उन्हात चमचमणारे पाणी ओढले की चमक मंद पडते. खऱ्या लाँग एक्स्पोजरमध्ये तसे होत नाही, आपल्या फाइलमध्ये मात्र त्या ठिपक्यांचा खरा उजेड आधीच कापला गेलेला असतो. रॉ फाइल असेल तर त्यातला थोडा परत मिळतो.

स्पर्धेसाठी फोटो हवा असेल तर नियम आधी वाचा. कित्येक ठिकाणी असे बदल चालत नाहीत, आणि आम्हीही हा फोटो एका क्षणाच्या फोटोवरून केलेला आहे हे फाइलच्या माहितीत लिहून देतो.

फाइल रॉ असेल तर तीच द्या, नसेल तर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ जेपीईजी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत नको, ती लहान आणि दाबलेली होते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत एका ओळीत लिहा: ढग कुठून कुठे चालले होते, आणि फोटोतले काय हलू नये असे तुम्हाला वाटते.